बेचाळीस हजारांची चिठ्ठी आणि वर्षभराची बेरीज

आमच्या लग्नाला डिसेंबर २०२५ मध्ये तीन वर्षे होतील. त्यातली पहिली अडीच वर्षे आमचे पैसे वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या सवयींनी राहत होते. नवरा दर महिन्याच्या तीन तारखेला घरखर्चाचे २५,००० रुपये माझ्या खात्यात पाठवायचा. घरभाडे, किराणा आणि कामवाल्या मावशींचा पगार मी द्यायचे. पेट्रोल, विजेचे बिल, बाहेरचे खाणे आणि त्याच्या आईबाबांना पाठवायचे पैसे त्याच्याकडून जायचे. यात भांडण नव्हते, त्यामुळे हिशेबही नव्हता. आम्ही पुण्यात भाड्याने राहतो आणि दोघेही नोकरी करतो.

या व्यवस्थेला पहिला धक्का बसला तो मे २०२५ मध्ये, एका गृहकर्ज सल्लागाराने फोनवर विचारलेल्या साध्या प्रश्नामुळे. दोघांच्या पगारपत्रकांवरून तुम्हाला ४५,००० पर्यंतचा हप्ता बसेल, असे त्यांनी सांगितले आणि लगेच विचारले, "तुम्हाला स्वतःला किती झेपेल?" नवरा म्हणाला ३५, मी म्हणाले ४०, आणि दोघांनीही ते आकडे हवेतून काढले होते हे फोन ठेवल्यावर कळले. त्या रविवारी, म्हणजे ११ मे रोजी, आम्ही एकमेकांना न दाखवता चिठ्ठीवर स्वतःची दरमहा शिल्लक लिहिली. त्याने २२,००० लिहिले, मी २०,००० लिहिले. एकूण बेचाळीस हजार. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे, कारण पुढचा सगळा खटाटोप त्या आकड्याची परीक्षा होता.

आम्ही १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ हे पूर्ण आर्थिक वर्ष धरायचे ठरवले. तीन महिन्यांचा हिशेब पुरेल असे नवऱ्याचे मत होते, पण गणपती, दिवाळी, लग्नसराई आणि विम्याचे हप्ते हे सगळे एकाच तिमाहीत येत नाहीत, म्हणून मी वर्षासाठी अडून बसले. खाती तीन होती: त्याचे पगाराचे, माझे पगाराचे आणि कॉलेजात असताना साताऱ्यात उघडलेले माझे जुने बचत खाते. शिवाय त्याच्या नावावर एक क्रेडिट कार्ड.

पगाराच्या दोन्ही खात्यांचे विवरण नेट बँकिंगमधून एक्सेलमध्ये अर्ध्या तासात मिळाले. बँकेच्या ॲपमधून उतरवलेली पीडीएफ दिसायला नीट असते, पण तिच्यातले आकडे तक्त्यात आणताना रकाने सरकतात, म्हणून शक्य असेल तर संगणकावरून एक्सेलच घ्यावे. जुन्या खात्याला मात्र नेट बँकिंग नव्हते. माझ्याकडे पासबुक होते आणि ते मी दीड वर्ष भरून घेतले नव्हते. शाखेत यंत्रात घातल्यावर मधल्या काळातल्या नोंदी एकत्र करून एकाच ओळीत छापलेल्या आल्या, कारण बरेच दिवस पासबुक न भरल्यास आमच्या बँकेची यंत्रणा तसे करते. त्या ओळीचा हिशेबाला काहीही उपयोग नव्हता. शेवटी अर्ज देऊन, ११८ रुपये शुल्क भरून वर्षाचे विवरण काढून घ्यावे लागले आणि ते चार दिवसांनी मिळाले.

सगळ्या नोंदी एका तक्त्यात एकाखाली एक चिकटवल्या: तारीख, खाते, तपशील, रक्कम आणि शेवटी 'प्रकार' हा आमचा रकाना. रकमेत जमा अधिक आणि खर्च उणे ठेवला. दीड हजाराच्या वर ओळी झाल्या. तीन संध्याकाळी आम्ही शेजारी बसून प्रकार भरले. एकाच दुकानाच्या नोंदी गाळणी लावून एकदम भरता येतात, त्यामुळे काम वाटते त्यापेक्षा लवकर होते. त्यानंतर प्रत्येक प्रकाराची बेरीज या एका सूत्राने मिळाली:

```
=SUMIFS(D:D,E:E,"किराणा")
```

पहिल्याच बेरजेत आमचे वार्षिक उत्पन्न १७,३९,००० रुपये निघाले. दोघांचे हातात येणारे पगार ६१,३०० आणि ४८,७०० आहेत, म्हणजे महिन्याला १,१०,००० आणि वर्षाला १३,२०,०००. वरचे चार लाख आले कुठून, हे पाहिल्यावर हसू आले. नवरा मला घरखर्चासाठी पाठवत होता ते वर्षाचे तीन लाख माझ्या खात्यात 'जमा' म्हणून मोजले गेले होते. मी जुन्या खात्यात आवर्ती ठेवीसाठी वळवत असलेले ६०,००० तिकडे पुन्हा जमा झाले होते. रद्द केलेली रेल्वेची तिकिटे आणि परत केलेले कपडे यांचे १८,००० हेही उत्पन्नच ठरले होते. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेले पैसे ना उत्पन्न असतात ना खर्च. अशा ओळींना आम्ही 'आपसात' असा वेगळा प्रकार दिला. त्या प्रकाराची एकूण बेरीज शून्य आली पाहिजे. ती शून्य आली नाही, तर एका बाजूची ओळ कुठेतरी चुकीच्या प्रकारात पडली आहे असे समजावे. परताव्याच्या रकमा आम्ही त्या त्या खर्चातून वजा केल्या. मग पगार, माझा दिवाळीचा ३०,००० बोनस, त्याचा ६,७०० रुपयांचा आयकर परतावा आणि खात्यांवरचे ४,३०० व्याज धरून खरे उत्पन्न १३,६१,००० ठरले.

खर्चाची बेरीज याहून फसवी निघाली. उत्पन्नातून खर्च वजा केल्यावर वर्षाची शिल्लक फक्त १,०२,२०० दिसली, म्हणजे महिन्याला साडेआठ हजार. त्या रात्री आम्ही दोघेही जेवताना फारसे बोललो नाही. बेचाळीसचे साडेआठ झाले, ही गोष्ट मला अपमानासारखी वाटली होती आणि नवरा मनातल्या मनात आपले हॉटेलचे खर्च मोजत बसला होता, हे त्याने नंतर सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला बाबांना फोन केला. त्यांनी पतसंस्थेत तीस वर्षे हिशेब लिहिले आहेत. त्यांनी खर्च काय काय झाला हे विचारलेच नाही. ते म्हणाले, "आधी दोन टोकांच्या शिलका मांड. ३१ मार्च २०२४ ला सगळीकडे मिळून किती होते आणि ३१ मार्च २०२५ ला किती आहेत? मधले सगळे चुकले तरी टोके चुकत नाहीत."

तसे मांडले. सुरुवातीला तिन्ही खात्यांत मिळून २,४२,००० होते, वर्षअखेरीस ३,७०,५००. वाढ १,२८,५००. वर्षभरात नवऱ्याच्या म्युच्युअल फंडाच्या मासिक हप्त्यात ६०,००० आणि माझ्या आवर्ती ठेवीत ६०,००० गेले होते, ते खर्च नव्हेत, म्हणून मिळवले: २,४८,५००. क्रेडिट कार्डाची देय रक्कम मात्र सुरुवातीला ९,४०० आणि शेवटी १६,९०० होती, म्हणजे ७,५०० रुपयांचे देणे वाढले होते. ते वजा केले. उरले २,४१,०००. फंडाचे बाजारमूल्य यात जाणूनबुजून घेतले नाही, कारण आपण किती वाचवले आणि बाजाराने किती दिले हे दोन निराळे प्रश्न आहेत. पद्धत दहा मिनिटांची आहे आणि एखाद्याला एवढेच करायचे असेल, तरी वर्षाची खरी शिल्लक तिने कळते. ती कुठे गेली हे मात्र कळत नाही.

एका पद्धतीने १,०२,२०० आणि दुसरीने २,४१,०००. फरक १,३८,८००. हा आकडा तक्त्यात शोधला, तर क्रेडिट कार्डाच्या बारा बिलांचा भरणा बरोबर तेवढाच निघाला. कार्डावरची प्रत्येक खरेदी आम्ही खर्चात धरली होती आणि कार्डाचे बिल खात्यातून भरले तेही पुन्हा खर्चात धरले होते. बिलाचा भरणा 'आपसात'मध्ये टाकला. कार्डावर वर्षात १,४६,३०० ची खरेदी झाली होती आणि भरणा १,३८,८०० चा; हा फरक वाढलेल्या देण्याइतकाच, म्हणजे ७,५००. कार्डाच्या बाजूची जमेची ओळ मात्र आमच्या तक्त्यात नव्हती, त्यामुळे या प्रकाराची बेरीज आता शून्याऐवजी भरण्याइतकी, म्हणजे उणे १,३८,८०० येते. तेवढा अपवाद लक्षात ठेवावा लागतो.

इथे काम संपायला हवे होते, पण माझ्या उत्साहाने घात केला. मध्यंतरी जुन्या खात्याच्या नोंदी नीट करताना मी काही ओळींचे प्रकार बदलले होते आणि आता तक्त्याची शिल्लक २,५५,४०० दाखवू लागली. फरक १४,४००. बाबांनी पूर्वी कधीतरी सांगितले होते की फरकाला नऊने भाग जात असेल, तर एखाद्या आकड्यातले दोन अंक उलटे लिहिले गेले असण्याची शक्यता असते. १४,४०० ला नऊने भाग जातो. त्यामुळे आम्ही एक संपूर्ण संध्याकाळ उलटे अंक शोधण्यात घालवली, जी निव्वळ वाया गेली, कारण बँकेतून थेट उतरवलेल्या आकड्यांत अंक उलटे होण्याचे कारणच नव्हते. तो नियम हाताने लिहिलेल्या वहीचा. अखेर १४,४०० ही रक्कमच शोधली, तेव्हा मुदत विम्याचा वार्षिक हप्ता सापडला. जुन्या खात्याच्या विवरणात त्या ओळीपुढे आवर्ती ठेवीच्या ओळींसारखीच त्रोटक अक्षरे होती, म्हणून मी त्याला गुंतवणूक समजले होते. फरक आला की आधी नेमकी तेवढी रक्कम शोधावी. ती नसेल तर तिची निम्मी शोधावी, कारण उणेची ओळ अधिकमध्ये पडली तर फरक दुप्पट दिसतो.

२० मेच्या रात्री दोन्ही आकडे जुळले. वर्षाची शिल्लक २,४१,०००, महिन्याला २०,०८३. त्यातून बोनस आणि कर परतावा हे दरमहा न येणारे पैसे काढले, तर १७,०२५.

मग बेचाळीस हजार आम्ही कुठून आणले होते? खरे सांगायचे तर आम्ही खोटे बोललो नव्हतो. नेहमीच्या महिन्यात आमचा खर्च ७१,००० होतो: भाडे २४,०००, किराणा-भाजी-दूध-गॅस १३,५००, आईबाबांना ८,०००, बाहेरचे खाणे ७,९००, पेट्रोल आणि रिक्षा ५,८००, धुणीभांडी आणि पोळ्यांच्या मावशी मिळून ५,५००, वीज-इंटरनेट-मोबाइल ३,४०० आणि रोखीने गेलेले २,९००. म्हणजे साध्या महिन्यात ३९,००० उरतातच, आणि आमच्या डोक्यात हाच महिना 'खरा' महिना म्हणून बसला होता. त्याबाहेरचे जे काही घडे, त्याला आम्ही दर वेळी अपवाद म्हणत होतो. वर्षभरातल्या अपवादांची बेरीज २,६८,००० रुपये झाली: तीन लग्नांचे आहेर आणि प्रवास ४६,५००, दिवाळी ३८,०००, कपडे ३३,७००, माझ्या दातांचे रूट कॅनाल आणि दवाखाना ३१,०००, कोकणची सहल २७,०००, फोन २४,०००, गावच्या जत्रेच्या आणि गणपतीच्या फेऱ्या २२,०००, आरोग्य विमा २१,६००, मुदत विमा १४,४००, दुचाकीचा विमा व दुरुस्ती ९,८००.

नवऱ्याचा यावर आक्षेप होता आणि तो रास्त वाटत होता: दात दर वर्षी दुखत नाहीत, फोन दर वर्षी घेत नाही. म्हणून आम्ही २०२३-२४ च्या विवरणांतून फक्त ५,००० च्या वरच्या आणि दरमहा न येणाऱ्या रकमा काढल्या. त्या वर्षी फोन नव्हता, लॅपटॉप होता. माझे दात नव्हते, त्याच्या वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. बेरीज २,५१,०००. नावे बदलली होती, आकडा फारसा हलला नव्हता. त्यानंतर तो आक्षेप त्याने स्वतःच मागे घेतला.

आमच्यात ज्यावरून खरी धुसफूस होती, ते मात्र अगदी किरकोळ निघाले. तो ऑफिसखाली दिवसातून दोनदा चहा घेतो आणि मोबाइलवरून वीस-पंचवीस रुपये देतो. हे मला कायम खटकायचे. पन्नास रुपयांखालच्या अशा नोंदी वर्षात ४१२ होत्या आणि त्यांची बेरीज ९,४८० रुपये, म्हणजे महिन्याला आठशेही नाही. वर्षभर मी ज्याबद्दल टोमणे मारले, त्याच्या जवळजवळ पाचपट रक्कम आम्ही तीन मांडवांत हसतमुखाने दिली होती, आणि त्यातल्या दोन लग्नांना जायचे मीच ठरवले होते.

आता संयुक्त खाते उघडायचे होते. २४ मे रोजी शनिवारी आम्ही सगळी कागदपत्रे घेऊन शाखेत गेलो तर शटर बंद, कारण तो चौथा शनिवार होता. २७ मे रोजी अर्धी रजा टाकून पुन्हा गेलो. लग्नानंतर मी नाव बदललेले नाही आणि पॅन व आधार दोन्हींवर तेच नाव असल्यामुळे त्याची काहीच अडचण आली नाही. अडचण आली पत्त्याची, कारण माझ्या आधारवर साताऱ्याचा पत्ता होता. नोंदणीकृत भाडेकरार जोडून, ५० रुपये भरून पत्ता ऑनलाइन बदलला; त्याला नऊ दिवस लागले. १६ जूनला खाते सुरू झाले. किमान शिल्लक १०,०००.

अर्जावर एका रकान्याकडे नीट लक्ष द्यावे, तो म्हणजे खाते कसे चालवायचे. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' निवडल्यास दोघांपैकी कोणीही एकट्याने व्यवहार करू शकते आणि एकाच्या पश्चात दुसऱ्याला पैसे मिळतात. 'जॉइंटली' निवडल्यास प्रत्येक व्यवहाराला दोघांच्या सह्या लागतात. आम्ही पहिला पर्याय घेतला आणि तरीही नॉमिनी म्हणून त्याच्या आईचे नाव नोंदवले. खातेदारांची नावे कोणत्या क्रमाने लिहायची हेही आधीच ठरवावे, कारण व्याजाची नोंद सहसा पहिल्या खातेदाराच्या पॅनवर जाते.

पगाराची खाती बंद केली नाहीत. दोन तारखेला दोन्ही पगार संयुक्त खात्यात वळवण्याची कायमची सूचना दिली, दोघांच्या पगारातले ३,००० ज्याच्या त्याच्या खात्यात ठेवून. त्या रकमेचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही असे ठरले आहे, आणि चहा त्यातून होतो. त्यामुळे नेहमीच्या ७१,००० मधूनच ६,००० इकडे आले, वेगळा बोजा पडला नाही. फंडाचा हप्ता नव्या खात्यावर आणताना एक चूक झाली. नवीन संमतीपत्र मंजूर होण्याआधीच नवऱ्याने जुन्या खात्यातली रक्कम हलवली, जुलैचा हप्ता परत गेला आणि बँकेने ५९० रुपये दंड कापला. नव्या खात्यातून पहिला हप्ता गेल्याचे दिसेपर्यंत जुन्या खात्यात एका हप्त्याइतकी रक्कम राहू द्यावी.

साताऱ्याचे जुने खाते, जे मी बंद करणार होते, तेच आमचे वार्षिक खर्चाचे खाते झाले. २,६८,००० ला बाराने भागून, वर थोडे धरून, तिथे दरमहा २२,५०० जातात. लग्न, दवाखाना, विमा, गणपती सगळे तिथून. या खात्याला कार्ड घेतलेले नाही. जुलैपासून संयुक्त खात्यात महिन्याला साडेसोळा हजारांच्या आसपास उरतात आणि आता उरलेले खरोखर उरलेले असते.

सप्टेंबरमध्ये त्याच सल्लागारांचा पुन्हा फोन आला. आम्ही तोवर कागदावर मांडणी केली होती: भाड्याचे २४,००० आणि शिल्लक १७,००० मिळून ४१,००० होतात, पण ते फक्त तयार घर घेतले तरच, कारण बांधकाम चालू असलेल्या घरात ताबा मिळेपर्यंत भाडे आणि कर्ज दोन्ही भरावे लागते. सोसायटीची देखभाल वजा करून, बचत पूर्ण थांबू नये एवढे राखून, आम्ही २८,००० वर आलो. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षे धरली तर लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. त्या हिशेबाने २८,००० मध्ये सुमारे ३२ लाख कर्ज बसते, आणि ४५,००० मध्ये सुमारे ५२ लाख बसले असते. हे ऐकून ते म्हणाले, "मॅडम, एवढ्यात तुमच्या पसंतीच्या भागात टू बीएचके नाही मिळणार." ते खरेच आहे. आम्ही वन बीएचके पाहतो आहोत, थोडे लांब.

परवा आरोग्य विम्याची नूतनीकरणाची सूचना आली. सप्टेंबरच्या शेवटी या हप्त्यांवरचा जीएसटी निघाल्यामुळे २१,६०० ऐवजी १८,३०५ आले. नवऱ्याने तक्त्यात नोंद केली आणि उरलेल्या ३,२९५ पुढे कंसात 'चहा?' असे लिहिले. मी ते खोडून 'आहेर' लिहिले, कारण माझ्या मावसबहिणीचे लग्न डिसेंबरात आहे.